‘बायकी’ मुलगा, ‘पुरुषी’ मुलगी आणि शाळेतला छळ : शिक्षक व मित्रमैत्रिणींकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत तेवीस वर्षे शिकवले. त्यातली बरीच वर्षे पाचवी ते आठवीच्या वर्गांची वर्गशिक्षिका होते. इतर शाळांमधले शिक्षक, पालक आणि कधी कधी मुलेही मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्या मुलाची हकिकत खाली आहे, त्याची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

ही प्रश्नोत्तरे नेमकी कोणत्या मुलांविषयी आहेत?

मुलाने किंवा मुलीने जसे चालावे, बोलावे, खेळावे, नटावे अशी आसपासच्यांची अपेक्षा असते, तसे जी मुले वागत नाहीत त्यांच्याविषयी. बोलताना हात हलवणारा, मुलींच्या घोळक्यात डबा खाणारा मुलगा त्यांत येतो. केस बारीक कापणारी, खोखोऐवजी क्रिकेट मागणारी मुलगीही येते. यांतले कोणी पुढे स्वतःला पारलिंगी म्हणवून घेईल, कोणी समलिंगी असेल आणि कोणी यांपैकी काहीच नसेल. बारा वर्षांच्या मुलाबाबत हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि त्याच्या संरक्षणासाठी ते ठरवण्याची गरजही नाही. त्याला मारले जाते किंवा हिणवले जाते, एवढे कळले की शिक्षकाचे काम सुरू होते.

मुले एकमेकांना चिडवतातच. त्यात छळ कोणता, हे कसे ओळखायचे?

चिडवाचिडवीत पाळी बदलते. आज एकाला टोपणनाव मिळते, उद्या तोच दुसऱ्याला ठेवतो आणि दोघेही हसतात. छळात पाळी कधीच बदलत नाही. ‘बायल्या’, ‘छक्का’, ‘मीठा’ हे शब्द, किंवा शब्द न उच्चारता पसरट हातांनी मागून वाजवलेली टाळी, नेहमी त्याच एका मुलाच्या वाट्याला येते आणि त्याला उलट उत्तर देण्याची सोय नसते. टाळीवर विशेष लक्ष ठेवावे असे मी शिक्षकांना नेहमी सांगते. त्या टाळीला वर्गात आवाज असतो, पण पुरावा नसतो. फळ्याकडे तोंड असलेल्या शिक्षकाला ती ऐकू येते, तो वळतो तेव्हा सगळ्यांचे हात वहीवर असतात आणि एकच मुलगा मान खाली घालून बसलेला असतो.

मूल स्वतःहून काही सांगत नसेल, तर शिक्षकाला कसे कळणार?

बहुतेक मुले सांगत नाहीत, हे गृहीत धरूनच चालावे. युनेस्कोने २०१९ मध्ये तमिळनाडूतल्या एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. लैंगिक अल्पसंख्याक तरुणांना त्यांच्या शालेय दिवसांविषयी त्यात विचारले होते. ज्यांचा छळ झाला, त्यांपैकी फक्त १८ टक्क्यांनी शाळेकडे तक्रार केली होती आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ‘दुर्लक्ष कर’ असे उत्तर मिळाले होते. मुलांना हे उत्तर आधीच ठाऊक असते, म्हणून ती विचारायलाच येत नाहीत.

त्यामुळे आपण खुणा वाचायला शिकले पाहिजे. सर्वांत बोलकी खूण म्हणजे पाण्याची बाटली. शाळा सुटताना एखाद्या मुलाची बाटली रोज भरलेलीच राहत असेल, तर तो लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी टाळत असण्याची शक्यता असते. दुसरी खूण म्हणजे मधल्या सुट्टीत न जाता तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी बाहेर जाण्याची परवानगी मागणे. शिक्षकाला हा तास बुडवण्याचा बहाणा वाटतो, पण त्या वेळी स्वच्छतागृह रिकामे असते हे मुलाने हेरलेले असते. हजेरीपटही बोलतो. खाडा नेमका शारीरिक शिक्षणाचा तास असतो त्याच वारी पडतो का, हे दोन महिन्यांची पाने शेजारी ठेवून पाहावे. सुट्टीत ग्रंथालयात किंवा शिक्षक-खोलीच्या दाराशी उगाच घुटमळणारे मूल अभ्यासू असेल, तसेच ते मोठ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात राहू पाहणारेही असेल.

माझ्यासमोर कोणी ‘बायल्या’ म्हणाले, तर त्या क्षणी काय करावे?

आवाज न चढवता, थांबून, ज्याने शब्द वापरला त्याचे नाव घ्यावे आणि एकच वाक्य बोलावे : “हा शब्द या वर्गात कोणासाठीही वापरायचा नाही.” मग धडा पुढे चालू करावा आणि त्या विद्यार्थ्याला तास संपल्यावर एकट्याला भेटावे. वर्गाला यातून दोन गोष्टी कळतात. शिक्षकाने ऐकले आहे ही पहिली आणि त्याला ते चालत नाही ही दुसरी. याहून लांबलेले भाषण घातक ठरते, कारण भाषणभर सगळा वर्ग ज्याच्याविषयी ते चालले आहे त्याच्याकडे पाहत राहतो.

“अरे, तो कुठे बायल्या आहे, चांगला मुलगा आहे!” असा बचाव मात्र कटाक्षाने टाळावा. बायकी असणे आणि चांगला मुलगा असणे यांचा मेळ बसत नाही, असे त्यातून आपणच वर्गाला शिकवतो. हसून सोडून देणे याहूनही वाईट, कारण शिक्षकाचे हसू ही वर्गाच्या दृष्टीने परवानगी असते.

छळ होतो आहे हे कळल्यावर पुढे काय करायचे? एखाद्या प्रत्यक्ष प्रकरणातून सांगाल का?

सातवीतला एक मुलगा होता. अक्षर सुरेख, आवाज बारीक, चालण्यात एक लय. ऑगस्टमध्ये तो आठवडाभर आला नाही. त्याची आई रजेचा अर्ज घेऊन आली तेव्हा सहज म्हणाली, “लघवीला जळजळ होतेय बाई, डॉक्टर म्हणतात पाणीच पीत नाही हा.” मी त्याला ग्रंथालयातली पुस्तके लावण्याच्या निमित्ताने बोलावले आणि “तुला कोण त्रास देतं?” असे न विचारता “शाळेतली कोणती जागा तुला नकोशी वाटते?” असे विचारले. नाव सांगणे मुलांना चहाडी वाटते, जागा सांगणे सोपे जाते. त्याने मुलांच्या स्वच्छतागृहाचे नाव घेतले. आठवीतली चार मुले सुट्टीत तिथे दाराशी उभी राहत, टाळ्या वाजवत, “तुझं तिकडं आहे” म्हणून मुलींच्या बाजूला बोट दाखवत आणि दोनदा त्यांनी त्याला आत कोंडून बाहेरून कडी लावली होती. मी त्याच्याच शब्दांत, तारखेसह, ते लिहून घेतले आणि त्याला वाचून दाखवले. मग विचारले, “मी काय करावं असं तुला वाटतं?” तो म्हणाला, “वर्गात काही बोलू नका.”

तरीही माझ्याकडून चूक झाली. मी वर्गात बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी सगळ्या शाळेसमोर ‘कोणालाही त्याच्या वागण्यावरून चिडवू नये’ असे पाच मिनिटे सांगितले. रांगेतल्या निम्म्या माना त्याच्याकडे वळल्या. त्या दिवशी तो डबा न खाताच बसला. ते मला आजही डाचते. सर्वांना उद्देशून केलेला उपदेश एकाच मुलावर बोट ठेवू शकतो, हे मी तेव्हा शिकले.

त्यानंतर आम्ही जागेकडे वळलो. मधली सुट्टी पंचवीस मिनिटांची होती आणि त्या वेळात स्वच्छतागृहाच्या वळणावर कोणीच मोठे माणूस नसे. मुख्याध्यापकांनी तिथे रोज एका शिक्षकाची पाळी लावली आणि दाराची बाहेरची कडी सुताराकडून काढून टाकली. शिक्षक-खोलीशेजारचे एकट्याने वापरायचे स्वच्छतागृह आम्ही सगळ्याच विद्यार्थ्यांसाठी खुले केले. त्याची किल्ली फक्त त्या मुलाला द्यावी असा विचार आधी पुढे आला होता. पण तसे केले असते तर ती किल्लीच त्याच्यासाठी नवे टोपणनाव झाली असती.

आठवीतल्या चौघांशी मी एकेकट्याने, लागोपाठच्या तासांना बोलले, म्हणजे त्यांना मधे एकमेकांशी ठरवून घ्यायला वेळ मिळाला नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ अनातोल पिकास यांनी मांडलेल्या पद्धतीचा मी आधार घेतला होता. तीत आरोपाने सुरुवात करत नाहीत. ‘त्या मुलाचे शाळेत बरे चाललेले नाही, तुला काय दिसते?’ असे विचारतात आणि तू स्वतः काय करू शकतोस हे त्याच्याकडूनच काढून घेतात. चौघांपैकी तिघे नुसते म्होरक्याच्या भीतीने उभे राहत होते आणि सुटका मिळाल्यासारखे बाजूला झाले. चौथा बधला नाही. त्याच्या वडिलांना बोलावून घडलेले लेखी दाखवावे लागले.

तिसऱ्या आठवड्यात शाळेत शांतता होती, पण मुलाची बाटली पुन्हा भरलेली राहू लागली. चौकशी केल्यावर कळले की त्रास आता सायकल-स्टँडजवळ, शाळा सुटताना होत होता. हे बहुतेक वेळा घडते. एक जागा बंद झाली की छळ दुसऱ्या जागी सरकतो, म्हणून पहिल्या यशानंतर किमान दोन महिने तरी दर आठवड्याला मुलाशी दोन मिनिटे बोलणे सोडू नये. सायकल-स्टँडचा प्रश्न मात्र आम्ही सोडवला नाही, तो त्याच्या वर्गातल्या दोन मुलींनी आणि एका मुलाने सोडवला. त्याविषयी खाली लिहिले आहे.

दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावले तर?

भांडण बरोबरीच्या दोघांत झाले असेल तर हरकत नाही. छळात बरोबरी नसते. ज्याची भीती वाटते त्याच्याच समोर मुलाला ‘काय झाले ते सांग’ म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा एकदा त्याच जागी उभे करणे होय. तो “काही नाही सर” म्हणतो, हात मिळवतो आणि पुढे कधीच शिक्षकाकडे येत नाही.

मुलाला ‘थोडे नीट चालत जा, बोलताना हात हलवू नकोस’ असे सांगितले तर त्याचाच त्रास कमी होणार नाही का?

हा सल्ला बहुतेक वेळा मायेपोटी दिला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. चालणे आणि आवाज ही मुलाने धरलेली सवय नसते. ती दाबून ठेवायची तर त्याला दिवसभर स्वतःवर पहारा ठेवावा लागतो. फळ्यासमोर उभा असतानाही त्याचे अर्धे लक्ष आपल्या मनगटाकडे असते आणि तरीही टाळी थांबत नाही, कारण टाळी वाजवणाऱ्याला निमित्त दुसरे सापडतेच. शिवाय छळाचे कारण तूच आहेस, हे त्याला आता शिक्षकाच्या तोंडून ऐकायला मिळते.

आपल्याच रोजच्या बोलण्यातली निमित्ते शोधून काढली, तर अधिक उपयोग होईल. “मुलीसारखा रडतोस काय?”, “बांगड्या भर”, “मुलींनी टेबल उचलायचे नाहीत” ही वाक्ये शाळेत दिवसाला किती वेळा उच्चारली जातात, हे एकदा मोजून पाहावे. स्नेहसंमेलनात अशाच मुलाला हमखास स्त्रीपात्र देऊन प्रेक्षकांत हशा पिकवण्याची पद्धत कित्येक शाळांत आहे. मुलाने स्वतः ती भूमिका मागितली असेल तर ती त्याला सन्मानाने द्यावी, पण हशासाठी त्याला वापरू नये.

मुलींच्या बाबतीत काही वेगळे असते का?

असते. ‘पुरुषी’ म्हटल्या जाणाऱ्या मुलीला पाचवी-सहावीपर्यंत कौतुक मिळते : “अगदी मुलासारखी धीट आहे!” पाळी सुरू होण्याच्या सुमारास हेच कौतुक अचानक आटते आणि तीच मुलगी घरी, शाळेत सर्वांना खटकू लागते. तिला मारहाण कमी होते, वाळीत टाकणे अधिक. मैत्रिणी तिच्याशेजारी बसायचे टाळतात, सहलीत खोली वाटून घ्यायला कोणी तयार होत नाही. वाळीत टाकण्याचा आवाज होत नाही, म्हणून शिक्षकाने बाकांची रचना आणि गटकार्याच्या जोड्या स्वतः ठरवाव्यात, मुलांवर सोडू नयेत. गणवेशाच्या बाबतीत सर्वच मुलींना सलवार किंवा पँट निवडण्याची मुभा दिली, तर एका मुलीला वेगळी सवलत मागावी लागत नाही.

पालकांना सांगावे का?

छळाविषयी सांगावे. मुलाविषयी आपला जो अंदाज असेल, तो सांगू नये. “तुमच्या मुलाला मोठी मुले त्रास देत आहेत, आम्ही हे उपाय केले आहेत, त्याची प्रकृती आणि झोप यांकडे लक्ष ठेवा” एवढे पुरेसे असते. “तुमचा मुलगा जरा तसा आहे, म्हणून मुले चिडवतात” असे शिक्षकाने म्हटले, तर त्या रात्री घरी मुलाला मार बसण्याची शक्यता असते आणि शाळेत असुरक्षित असलेले मूल घरातही असुरक्षित होते. भेटीपूर्वी मुलाला विचारावे की घरी कोणाशी बोललेले चालेल. पुष्कळदा ते आजीचे किंवा मावशीचे नाव घेते. आपल्या मुलाला समजून घेऊ इच्छिणाऱ्या आईवडिलांना ‘स्वीकार’ या पालकांच्या गटाची माहिती देता येते. त्यात अशाच मुलांचे आईवडील एकमेकांशी बोलतात.

मी विद्यार्थी आहे. माझ्या मित्राला असा त्रास होतो. मी काय करू?

तू मारामारी करायला हवी असे मुळीच नाही. वर सांगितलेल्या सातवीतल्या मुलाच्या दोन मैत्रिणींनी आणि एका मित्राने काय केले ते सांगते. शाळा सुटली की ते तिघे आपापल्या सायकली काढून त्याच्यासाठी थांबत. कोणी टाळी वाजवली तर ते तिकडे पाहत नसत, त्याच्याशी चाललेले बोलणे चालूच ठेवत : “उद्याच्या भूगोलाचा नकाशा काढलास का?” टाळी वाजवणाऱ्याला ज्या प्रेक्षकांची गरज असते, ते प्रेक्षकच त्याला मिळेनासे झाले. पंधरा-वीस दिवसांत सायकल-स्टँड शांत झाले. तुलाही हे करता येईल : सुट्टीत सोबत जाणे, खेळात गट निवडताना त्याचे नाव आधी घेणे, सगळे हसत असताना न हसणे.

त्या क्षणी तुला काही करता आले नाही, तर नंतर त्याला एकट्याला “मी पाहिलं, ते चुकीचं होतं” एवढे सांग. आपल्याला झालेला त्रास कोणी पाहिला आणि त्याला तो आवडला नाही, एवढ्यानेही मुलाला धीर येतो. त्याने तुला विश्वासाने स्वतःविषयी काही सांगितले असेल, तर ते दुसऱ्या कोणालाही सांगू नकोस. याला अपवाद एकच : त्याच्या जिवाला धोका वाटला किंवा कोणी त्याच्या शरीराला हात लावला, तर त्याच दिवशी विश्वासातल्या शिक्षकांना सांग. ती चहाडी नव्हे.

कोणी त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला तर?

आधी तो ज्या क्रमांकावरून आला तो आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, मग व्हिडिओ काढून टाकायला लावावा. घाईने सगळ्यांचे फोन तपासत बसल्यास पुरावा नाहीसा होतो आणि तोच व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर ‘माहितीसाठी’ फिरू लागतो. तो पुढे पाठवणे हाही छळातला सहभागच आहे.

शिक्षक किंवा कर्मचारीच हिणवत असेल तर?

हे घडते आणि याची तक्रार सर्वांत कमी होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्ही देण्यास मनाई करते. वर्गासमोर मुलाची नक्कल करणे हा मानसिक त्रासच आहे. महाराष्ट्रातल्या शाळांत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची ‘सखी सावित्री समिती’ असणे अपेक्षित आहे. लेखी तक्रार त्या समितीकडे किंवा मुख्याध्यापकांकडे द्यावी, पोच घ्यावी आणि उत्तर न आल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनासमोर, सर्वांच्या नजरेत असेल, तर तीत कोणीच चिठ्ठी टाकत नाही. ती जिन्याखाली किंवा ग्रंथालयात हलवण्याचा आग्रह धरावा.

पोलिसांकडे जाणे कधी आवश्यक असते?

‘तू मुलगा आहेस की मुलगी ते दाखव’ म्हणून कपडे काढायला लावणे किंवा गुप्तांगाला हात लावणे हे प्रकार अशा मुलांच्या बाबतीत घडतात आणि शाळा त्यांना ‘मुलांची मस्ती’ म्हणून मिटवू पाहते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा, मुलगी असा भेद करत नाही. असा अपराध घडल्याचे कळल्यावर कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. आधी शाळेची चौकशी, मग पाहू, अशी मुभा कायदा देत नाही. करणाराही अठरा वर्षांखालचा असेल, तर त्याचे प्रकरण आधी बाल न्याय मंडळापुढे जाते. पिकास यांची संवादाची पद्धत अशा प्रकरणात वापरू नये. कळवल्यानंतर मुलाला तीच हकिकत चार-चार शिक्षकांनी पुन्हा पुन्हा विचारू नये. एकानेच ऐकावे आणि लिहून ठेवावे.

मूल ‘जगावेसे वाटत नाही’ असे म्हणाले तर?

विषय बदलू नये आणि “असं बोलू नये” म्हणून गप्पही करू नये. “जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलं आहेस का?” असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने कल्पना डोक्यात भरते ही समजूत चुकीची आहे. उत्तर हो असेल, तर त्या दिवशी मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये आणि घरच्या विश्वासातल्या माणसाच्या ताब्यात देऊनच निघावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मूल स्वतःही तो फिरवू शकते.

एवढे करूनही थांबले नाही, तर शाळा बदलावी का?

मूल स्वतः मागत असेल तर बदलावी, त्याला शिक्षा वाटेल अशा रीतीने नव्हे. दाखला देताना शेरा साधा ठेवावा आणि नव्या शाळेतल्या कोणाला काय सांगायचे हे मुलाला विचारून ठरवावे. काहींना नवी सुरुवात कोऱ्या पाटीने करायची असते, काहींना तिथे पहिल्याच दिवशी एक तरी ओळखीचे मोठे माणूस हवे असते. नव्या शाळेत जाण्याआधी एकदा सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन तिथे जावे आणि स्वच्छतागृह, पाण्याचा नळ, सायकल-स्टँड आणि शिक्षक-खोली कुठे आहे, हे त्याला दाखवून आणावे.